ग्रॅच्युइटीचा हिशोब: शेवटचा पगार, सव्वीस आणि पंधरा

आपल्या मिशनच्या वसतिगृहांत, बालवाड्यांत आणि आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्या सेवक-सेविकांपैकी दरवर्षी काहीजण काम सोडतात. कोणाचे लग्न होऊन सासर लांब पडते, कोणी गावाकडे शेती पाहायला जातो, कोणाला नांदेड किंवा लातूर शहरात जास्त पगाराचे काम मिळते. निरोपाचा कार्यक्रम होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, राहिलेला पगार हातात पडतो आणि माणूस एसटीत बसतो. पण पाच वर्षांहून अधिक काम केलेल्या माणसाचे संस्थेकडे आणखी एक देणे राहिलेले असते. कागदोपत्री त्याला उपदान म्हणतात. बोलताना आपण सगळे ग्रॅच्युइटीच म्हणतो.

दोन्ही जिल्ह्यांचे हिशोब माझ्याकडे असल्यामुळे किनवट-माहूर भागातले कार्यकर्ते मला विचारतात, "दादा, आमचं किती बसतं?" उत्तर द्यायला कॅलक्युलेटरवर एक मिनिट पुरते. त्या एका मिनिटात कोणता आकडा घ्यायचा यावरच सगळा फरक पडतो. म्हणून या अंकात एकच हिशोब सावकाश मांडतो.

समजा, किनवट तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या एक मावशी आहेत. आकडे सोपे जावेत म्हणून मी बेताचे घेतले आहेत, पण पगारपत्रकाची रचना आपल्याकडे असते तशीच आहे. मावशी १६ जून २०१४ रोजी कामाला लागल्या आणि राजीनामा देऊन ३१ जानेवारी २०२६ रोजी त्यांनी काम सोडले. शेवटच्या महिन्यात त्यांचे मूळ वेतन १०,४०० रुपये, महागाई भत्ता २,६०० रुपये, घरभाडे भत्ता १,००० रुपये आणि प्रवास भत्ता ६०० रुपये होता. एकूण १४,६०० रुपये.

पहिला प्रश्न असा की यातला कोणता आकडा धरायचा? मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरायचा. घरभाडे, प्रवास, बोनस, जादा कामाचे पैसे धरायचे नाहीत. म्हणजे मावशींचे हिशोबाचे वेतन १३,००० रुपये. सगळीकडे "शेवटचे बेसिक" असे म्हटले जाते, त्यामुळे महागाई भत्ता बाजूला ठेवून नुसते मूळ वेतन धरण्याची चूक वारंवार होते. ज्यांच्या पगारात महागाई भत्ता वेगळा दाखवलेला नसतो त्यांच्यासाठी नुसते बेसिक बरोबर आहे. ज्यांना तो वेगळा मिळतो, त्यांच्यासाठी ते अपुरे आहे.

"शेवटचे" हा शब्दही नीट घ्यायचा. मावशींना २०१४ साली किती पगार होता, मधल्या वर्षांत किती होता, हे पाहायचेच नाही. सगळ्या वर्षांचा हिशोब शेवटच्या पगाराच्या दराने होतो.

आता एका दिवसाचा पगार काढू. इथे महिन्याचे दिवस ३० धरायचे नाहीत, २६ धरायचे. महिन्यात साधारण चार रविवार सुटीचे, म्हणजे महिन्याचा पगार माणूस २६ दिवस राबून कमावतो, असा त्यामागचा विचार आहे. यावर पूर्वी वाद झाले आहेत. जामनगरच्या दिग्विजय वूलन मिल्सच्या प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने २६ दिवसांचा हिशोब मान्य केला, आणि पुढे १९८७ च्या दुरुस्तीने तो कायद्यातच स्पष्टपणे लिहिला गेला. त्यामुळे "आमच्याकडे महिना तीस दिवसांचा धरतात" हे उत्तर चालत नाही.

१३,००० भागिले २६ म्हणजे ५०० रुपये. हा मावशींचा एका दिवसाचा दर झाला. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यायचा, म्हणून ५०० गुणिले १५, म्हणजे एका वर्षामागे ७,५०० रुपये.

राहिली वर्षे. १६ जून २०१४ पासून १५ जून २०२५ पर्यंत ११ वर्षे पूर्ण झाली. त्यापुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत साडेसात महिने होतात. वरचे महिने सहापेक्षा जास्त असले तर ते पूर्ण वर्ष धरायचे, कमी असले तर सोडून द्यायचे. मावशींचे साडेसात महिने आहेत, म्हणून वर्षे १२ धरली जातील. ७,५०० गुणिले १२ म्हणजे ९०,००० रुपये. हीच त्यांची ग्रॅच्युइटी. एका ओळीत लिहायचे तर असे:

(मूळ वेतन + महागाई भत्ता) ÷ २६ × १५ × सेवेची वर्षे

आता याच मावशींचा हिशोब थोडा इकडेतिकडे झाला तर काय होते ते पाहा. महागाई भत्ता विसरला तर रक्कम ७२,००० रुपये होते. २६ ऐवजी ३० ने भागले तर ७८,०००. वरचे साडेसात महिने सोडून ११ च वर्षे धरली तर ८२,५००. आणि तिन्ही चुका एकाच कागदावर झाल्या तर ५७,२०० रुपये. ९०,००० च्या जागी ५७,२०० हातात घेऊन मावशी सही करून जातील, आणि कागद पाहणाऱ्यालाही वाटेल की हिशोब झाला आहे, कारण गुणाकार-भागाकार कुठेच चुकलेला नसेल. उलट बाजूनेही चूक होते. काहीजण एकूण १४,६०० रुपये धरून लाखाच्या वरचा आकडा काढतात आणि संस्थेने आपल्याला फसवले अशी समजूत करून घेतात. तेही बरोबर नाही.

सहा महिन्यांच्या या नियमामुळे राजीनाम्याच्या तारखेला किंमत येते. मावशींचा शेवटचा दिवस १५ डिसेंबर २०२५ असता, तर वरचे महिने नेमके सहा झाले असते. सहापेक्षा जास्त नव्हे. वर्षे ११ धरली गेली असती. १६ डिसेंबरला काम करून गेल्या असत्या तर १२. एका दिवसाने ७,५०० रुपयांचा फरक. म्हणून राजीनामा लिहिण्याआधी नेमणूक पत्रावरची तारीख एकदा काढून पाहावी, असे मी प्रत्येकाला सांगतो.

मात्र हाच नियम पहिल्या पाच वर्षांना लावता येत नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळण्यासाठी सलग पाच वर्षे सेवा लागते, आणि चार वर्षे सात महिने झाले म्हणजे पाच झाली असे होत नाही. चार वर्षे पूर्ण होऊन पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर हक्क मिळतो, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि बरेच लोक त्याचा आधार घेतात. मतभेदाच्या वाटेने जाण्यापेक्षा थोडे थांबून पाच वर्षे पुरी करून निघावे, हे माझे मत. सेवेत असताना मृत्यू आला किंवा कायमचे अपंगत्व आले, तर पाच वर्षांची अट नाही. मृत्यू झाल्यास रक्कम नामनिर्देशनात ज्याचे नाव आहे त्याला जाते. नामनिर्देशनाचा फॉर्म आपल्याकडे अनेकांच्या फाइलमध्ये कोरा आहे किंवा लग्नापूर्वीचा आहे. तो या महिन्यात भरून द्यावा.

"सलग" या शब्दावर आपल्या कामात सर्वांत जास्त गोंधळ होतो. वसतिगृह उन्हाळ्यात बंद असते. काही प्रकल्पांत नेमणुकीचे पत्र ११ महिन्यांचे असते, मग दोन-चार दिवसांचा खंड दाखवून नवे पत्र दिले जाते. अशा वेळी कार्यकर्त्याला वाटते की दर जूनमध्ये आपली सेवा नव्याने सुरू होते. तसे नाही. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले, की ते वर्ष सलग धरले जाते. आठवड्याला सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या ठिकाणी हाच आकडा १९० दिवसांचा आहे. आता हिशोब करा: महिन्याला २६ दिवस धरले तर ११ महिन्यांचे २८६ दिवस होतात. वसतिगृह जूनच्या मध्यापासून एप्रिलअखेर चालले तरी साडेदहा महिन्यांचे २७३ दिवस होतात. दोन्ही आकडे २४० च्या वर आहेत. भरपगारी रजा आणि बाळंतपणाची रजा हेही सेवेतच मोजायचे असते. पण हे सिद्ध करायला मस्टर लागते. म्हणून वसतिगृहांच्या अधीक्षकांना विनंती आहे की जुनी मस्टरे वर्ष संपले म्हणून रद्दीत घालू नयेत. दहा वर्षांपूर्वीच्या हजेरीचा दुसरा पुरावा कोणाकडेच नसतो.

दुसरा गोंधळ "मानधन" या शब्दाचा. आपल्या क्षेत्रात पगाराला मानधन म्हणण्याची पद्धत आहे, आणि मानधन घेणाऱ्याला ग्रॅच्युइटी नाही अशी समजूत पक्की आहे. याबाबत शेजारच्या गुजरातमधले एक प्रकरण आपल्या वाचकांनी माहीत करून घ्यावे असे आहे. दाहोद हा आदिवासीबहुल जिल्हा. तिथल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीसाठी भांडल्या. सरकारचे म्हणणे असे होते की त्यांना मिळते ते मानधन, ते वेतन नव्हे, आणि अंगणवाडी ही आस्थापनाही नव्हे. मणिबेन मगनभाई भारिया यांच्या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी निकाल दिला: अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, आणि मानधन या नावाने दिली जाणारी रक्कमही या कायद्यासाठी वेतनच आहे.

हा निकाल अंगणवाड्यांविषयी आहे, आपल्या बालवाड्यांविषयी नाही, हे मान्य. पण पैशाला काय नाव दिले यावर हक्क ठरत नाही, काम आणि मोबदला यांवर ठरतो, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते. सकाळी पाचला चूल पेटवून शंभर मुलींचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम दिली जात असेल, तर व्हाउचरवर "मानधन" लिहिल्याने ती स्वयंसेविका होत नाही.

हा कायदा धर्मादाय संस्थेला लागू होतो का, असेही विचारले जाते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असणे ही मुख्य अट आहे, आणि एकदा लागू झाल्यावर पुढे माणसे दहाच्या खाली आली तरी तो लागूच राहतो. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात धंदा, व्यवसाय किंवा त्याला जोडून काम करणाऱ्या नोंदणीकृत सोसायट्या आणि धर्मादाय ट्रस्टही येतात. शाळांचा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक या कायद्यातील कर्मचारी ठरत नाहीत असे म्हटले. मग संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना त्यात घेतले, आणि ती दुरुस्ती ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तेव्हा विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांनाही हा हिशोब लागू आहे. शासकीय अनुदानावरच्या पदांचे नियम वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

आता एक ताजा बदल. १९७२ च्या जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. २६ आणि १५ चे सूत्र तेच राहिले. पण "वेतन" कशाला म्हणायचे ते बदलले. घरभाडे, प्रवास असे वगळले जाणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनातच धरायचा.

मावशींना याने फरक पडत नाही, कारण त्यांचे वगळलेले भत्ते १,६०० रुपयेच आहेत. फरक पडतो तो दुसऱ्या प्रकारच्या पगारपत्रकाला. समजा, एका प्रकल्पातल्या क्षेत्रकार्यकर्त्याला एकूण १५,६०० रुपये मिळतात. त्यात मूळ वेतन फक्त ५,२०० आणि घरभाडे व प्रवास भत्ता मिळून १०,४०० दाखवला आहे. आठ वर्षे सेवा झाली आहे. जुन्या पद्धतीने ५,२०० भागिले २६ गुणिले १५ म्हणजे वर्षाला ३,००० आणि आठ वर्षांचे २४,००० रुपये झाले असते. नव्या व्याख्येप्रमाणे १५,६०० चे निम्मे ७,८००. भत्ते त्याहून २,६०० ने जास्त आहेत. ते २,६०० मूळ वेतनात मिळवले की हिशोबाचे वेतन ७,८०० होते. त्यावर वर्षाला ४,५०० आणि आठ वर्षांचे ३६,००० रुपये. बेसिक लहान ठेवून देणे कमी करायची वाट अशा रीतीने बरीचशी बंद झाली आहे, आणि मला विचाराल तर ते योग्यच झाले.

प्रकल्पांवर ठराविक मुदतीच्या पत्राने घेतलेल्या कार्यकर्त्यांसाठी संहितेत आणखी एक गोष्ट आहे. मुदत संपून काम थांबले तर त्यांना पाच वर्षांची अट नाही. एक वर्ष काम झाले असले तरी सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. तीन वर्षांचे प्रकल्प चालवणाऱ्या सर्वांनी हे अंदाजपत्रक करतानाच लक्षात घ्यावे.

कारण पैसे अचानक उभे राहत नाहीत. मावशींची वर्षाची ७,५०० रुपये म्हणजे महिन्याला ६२५. मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या सुमारे ४.८१ टक्के. एवढी रक्कम दरमहा बाजूला टाकली तर निरोपाच्या दिवशी धावपळ होत नाही. तरी एवढ्याने पुरते असेही नाही. मावशींचे वेतन शेवटच्या वर्षी १३,००० वरून १४,३०० झाले असते, तर वर्षामागची रक्कम ८,२५० झाली असती आणि बारा वर्षांचे ९,००० रुपये एकदम वाढले असते, कारण वाढलेला दर मागच्या सगळ्या वर्षांना लागतो. म्हणून पगारवाढीचा ठराव करताना त्या ठरावासोबत ग्रॅच्युइटीचा वाढीव आकडाही कार्यकारिणीसमोर ठेवावा. आयुर्विमा महामंडळाची समूह ग्रॅच्युइटी योजना आहे, तिथे दरवर्षी पैसे भरत गेले तर ही तफावत मोजून मिळते.

रक्कम घेण्याची रीत सोपी आहे. काम सोडल्यावर साधारण ३० दिवसांच्या आत अर्ज द्यावा. ठरावीक नमुना मिळाला नाही म्हणून थांबू नये. नाव, कामाला लागल्याची आणि सोडल्याची तारीख, शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता आणि बँक खाते लिहून अर्ज द्यावा व त्याची पोहोच घ्यावी. अर्जाला उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, आणि अर्ज आला नाही तरी रक्कम ठरवून कळवण्याची जबाबदारी संस्थेची आहे. संस्थेने ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर आजवर दसादशे १० टक्के सरळ व्याज लागत आले आहे. मावशींच्या ९०,००० रुपयांना आठ महिने उशीर झाला तर ६,००० रुपये व्याज होईल.

"मी सेवाभावाने ग्रॅच्युइटी सोडत आहे" असे लिहून घेतलेल्या कागदाला कायद्यात किंमत नाही. सेवाभाव ज्याचा त्याने ठरवायचा असतो. पूर्ण रक्कम खात्यात पडल्यावर कोणाला त्यातून देणगी द्यावीशी वाटली तर ती वेगळ्या पावतीने द्यावी. संस्थेला रक्कम रोखून धरता येते ती फार थोड्या कारणांनी. हेतुपुरस्सर केलेल्या किंवा हलगर्जीच्या कृत्याने नुकसान झाले आणि त्याच कारणाने कामावरून काढले, तर त्या नुकसानीपुरती. एखादे भांडे हरवले, चावी परत दिली नाही, राजीनाम्याची मुदत पाळली नाही, ही कारणे त्यात बसत नाहीत.

तरीही रक्कम मिळाली नाही, तर महाराष्ट्रात हे दावे कामगार न्यायालयाकडे चालत आले आहेत. नांदेड किंवा लातूरच्या कामगार कार्यालयात आधी चौकशी केली तर कुठे आणि कोणता अर्ज द्यायचा ते कळते. जाताना नेमणूक पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, पगार जमा झाल्याचे बँक पासबुक आणि अर्जाची पोहोच यांच्या झेरॉक्स सोबत न्याव्यात. पगार रोखीने मिळत असेल, तर निदान शेवटचे वर्षभर तो खात्यावर घ्यावा, म्हणजे "शेवटचा पगार किती होता" यावर वाद उरत नाही.